तळणीच्या काचेवरची शिडी

22 जानेवारी 1898 च्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गजवळ कोकण किनाऱ्यावर चढली आणि सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, वऱ्हाडातले तळणी, वर्धेकडचे पुलगाव अशी तिरकी सरकत नागपूरच्या बाजूने पुढे शहडोल-बक्सरकडे निघून गेली. हा खग्रासाचा पट्टा शंभर किलोमीटरही रुंद नव्हता. तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्याचा दक्षिण भाग त्याच्या बाहेर राहिला. पवनीजवळच्या कोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाला सूर्य जवळजवळ सगळा झाकलेला दिसला असेल, ऊन फिकट पडलेले जाणवले असेल, पण सूर्याची एक बारीक कोर काही शेवटपर्यंत विझली नाही. कोंढा आणि तळणी यांच्यातला हा फरक वरवर किरकोळ वाटतो. हायड्रोजनच्या अणूचा विचार करणाऱ्याला मात्र तो फार मोलाचा आहे. तळणीला त्या दुपारी काचेच्या फोटोप्लेटांवर जे उमटले, ते कोंढ्याच्या त्या उरलेल्या कोरेच्या उजेडात उमटणे अशक्य होते. आणि जे उमटले, ते आज बारावीच्या पुस्तकात असलेल्या एका आकृतीचा अगदी वरचा भाग होता. ती आकृती कागदावर येण्यास मात्र अजून पंधरा-वीस वर्षांचा अवकाश होता.

ती आकृती म्हणजे हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्यांची शिडी. आडव्या रेघा एकावर एक, त्यांच्या बाजूला 1, 2, 3, 4 असे आकडे आणि वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर टेकणारे बाण. ती नीट समजायची तर पट्टी घेऊन प्रमाणात काढावी. वहीच्या पानावर तळाला एक रेघ मारा. तिच्या वर 13.6 सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा. ही शिडीची कमाल उंची. एक सेंटिमीटर म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा, असे धरू. अणूतला इलेक्ट्रॉन सर्वांत घट्ट बांधलेला असतो तेव्हा तो तळाच्या रेघेवर असतो. वरच्या रेघेपर्यंत पोचला की तो अणूच्या तावडीतून सुटला. मधल्या पायऱ्यांचा हिशेब सोपा आहे. 13.6 ला पायरीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागा आणि येईल तितके अंतर वरच्या रेघेपासून खाली मोजा. दुसरी पायरी चार भागिले, म्हणजे वरून 3.4 सेंटिमीटर खाली. तळापासून पाहिले तर तब्बल 10.2 सेंटिमीटर उंच. तिसरी वरून दीड सेंटिमीटर खाली, चौथी 0.85, पाचवी 0.54, सहावी 0.38. म्हणजे पहिलीवरून दुसरी पायरी चढायलाच तीन चतुर्थांश उंची खर्ची पडते आणि उरलेल्या अनंत पायऱ्या वरच्या साडेतीन सेंटिमीटरांत दाटीवाटीने बसतात. पुष्कळ वह्यांमध्ये या रेघा घराच्या जिन्यासारख्या सारख्या अंतरावर काढलेल्या असतात. तशा काढल्या की आकृतीचा जीवच निघून जातो, कारण ती जे काही सांगते ते या अंतरांतूनच सांगते.

आता बाण. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरला की दोन पायऱ्यांमधली ऊर्जा प्रकाशाच्या एकाच कणात, फोटॉनमध्ये, बाहेर पडते. बाणाची लांबी म्हणजे त्या फोटॉनची ऊर्जा, आणि 1240 ला त्या ऊर्जेने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. तिसरीवरून दुसरीवर येणारा बाण 1.89 सेंटिमीटरचा. 1240 भागिले 1.89 म्हणजे 656 नॅनोमीटर: हायड्रोजनची लाल रेषा. चौथीवरून दुसरीवर 2.55, म्हणजे 486 नॅनोमीटर: निळसर हिरवी. पाचवीवरून दुसरीवर 2.86, म्हणजे 434: निळी-जांभळी. सहावीवरून 3.02, म्हणजे 410: जांभळी. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या या चारही रेषा दुसऱ्या पायरीवर येऊन टेकतात. तळाच्या पायरीवर येणारा सर्वांत आखूड बाणसुद्धा 10.2 सेंटिमीटरचा आहे आणि त्याचा प्रकाश 122 नॅनोमीटरचा, डोळ्यांच्या आवाक्यापलीकडचा अतिनील. इथे एक चूक हमखास होते. लांब बाण पाहिला की मनात लांब तरंग येतो आणि मग लाल रेषेला मोठा बाण दिला जातो. खरे उलट आहे. बाण जितका लांब तितकी ऊर्जा जास्त आणि तरंगलांबी कमी. चार रंगांत लाल बाण सर्वांत बुटका आहे.

एवढे सांगून पाठ संपतो आणि विद्यार्थ्याला वाटते की चार रंग जुळले, म्हणजे आकृती सिद्ध झाली. माझे म्हणणे असे की, चार रंग जुळणे हा या आकृतीचा सर्वांत कमकुवत पुरावा आहे. बाझेलच्या योहान बाल्मर नावाच्या शाळामास्तरांनी 1885 सालीच हे चार आकडे एका सूत्रात बसवले होते. 364.56 हा एक आकडा घ्यायचा, त्याला 3, 4, 5, 6 या आकड्यांच्या वर्गाने गुणायचे आणि त्याच वर्गातून चार वजा करून जे येईल त्याने भागायचे. तिनासाठी 9 भागिले 5, उत्तर 656.2. बाल्मरांपाशी ना इलेक्ट्रॉन होता, ना पातळी, ना बाण. चार रेषांची ठिकाणे सांगायला शिडी लागत नाही, हे त्यांनी दाखवूनच दिले होते. मग शिडी खरी कशावरून? याचे उत्तर खालच्या चार ठळक बाणांत सापडत नाही. ते आकृतीच्या वरच्या कडेला आहे, जिथे पायऱ्या एकमेकींना भिडतात आणि संपतात. त्या कडेचा एक उत्तम पुरावा वऱ्हाडातल्या एका रेल्वे स्टेशनाजवळच्या माळावर, दोन मिनिटांच्या अंधारात गोळा झाला.

त्या दुपारी महाराष्ट्रात भरलेला शास्त्रज्ञांचा मेळा डोळ्यांसमोर आणायला हवा. विजयदुर्गावर इंग्लंडहून आलेले नॉर्मन लॉकियर होते. जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपापले तळ ठोकले होते. पुलगावला न्यूऑल आणि हिल्स होते, तर तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी: वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर आणि तेहतीस वर्षांचा हौशी निरीक्षक जॉन एव्हरशेड. जेऊर, पुलगाव, तळणी ही ठिकाणे निवडण्यामागे आगगाडी होती. लोलक, भिंगे आणि काचांच्या पेट्या बैलगाडीत हिंदकळू नयेत, म्हणून रूळ खग्रासाच्या पट्ट्याला जिथे छेदतात तिथेच मुक्काम सोयीचे. प्लेगाने मुंबई-पुण्याला गांजलेले ते दिवस होते, पण जानेवारीचे दख्खनी आणि वऱ्हाडी आकाश मात्र निरभ्र राहिले.

विजयदुर्गाबद्दल इथेच एक गैरसमज दूर करणे बरे. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात लॉकियरनी तिथून हेलियम शोधला, असे हौसेने सांगितले जाते. त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते. सूर्याच्या कडेवरच्या तेजस्वी रेषा ग्रहणाशिवाय पाहण्याची युक्ती त्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात साधली. विजयदुर्गाला ते आले ते 1898 च्या या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. 1868 चे आपल्याजवळचे खरे ठिकाण म्हणजे पटवर्धनांचे जमखंडी संस्थान. तिथे मोजणी खात्याचे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरून उसळलेल्या ज्वाळेचा उजेड लोलकातून पाहिला, आणि सलग इंद्रधनुष्याच्या जागी त्यांना तीन सुट्या रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी-पिवळी, एक निळी. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या, म्हणजे आपल्या वहीतले पहिले दोन बाण. पिवळी पुढे हेलियमची ठरली. जमखंडीने एवढे सांगितले की सूर्यावर तापलेला हायड्रोजन वायू आहे. शिडीबद्दल तिथे काहीच कळले नाही, कारण डोळ्याने पाहणाऱ्याला खालच्या दोन-तीन बाणांपलीकडे काही दिसतच नाही.

तळणीला एव्हरशेडनी डोळ्याऐवजी प्रिझम-कॅमेरा लावला होता. भिंगापुढे लोलक ठेवलेला कॅमेरा, एवढेच त्याचे वर्णन पुरे. नेहमीच्या वर्णपटमापकात उजेड एका अरुंद फटीतून आत घेतात. इथे फट नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. चंद्र सूर्याचा झगझगीत पृष्ठभाग पुरता झाकतो त्या क्षणी त्याच्या कडेबाहेर वायूचा एक पातळ थर, वर्णावरण, कोरेच्या आकाराने काही सेकंद उघडा राहतो. ही बारीक कोरच फटीचे काम करते. लोलक तिचा उजेड रंगांत फाकवतो आणि प्रत्येक रंगाची एकेक वेगळी कोर प्लेटवर उमटते. म्हणून या प्लेटांवरच्या ‘रेषा’ सरळ नसतात, त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या कमानी असतात. वायू जितका उंच पसरलेला तितकी कमान लांब. हायड्रोजनच्या कमानी लांबलचक येतात. त्या काळच्या प्लेटा लाल रंगाला मंद आणि जांभळ्या-अतिनील उजेडाला तल्लख होत्या. हा दोष या कामी गुणच ठरला, कारण जांभळ्याच्या पलीकडेच तर पाहायचे होते. कोंढ्यात असाच कॅमेरा असता तरी हे साधले नसते. सूर्याच्या पृष्ठभागाची चतकोर नखाएवढी कोर जरी उघडी राहिली, तरी तिचा सलग पांढरा उजेड वर्णावरणाच्या मंद कमानींना गिळून टाकतो.

प्लेटांवर काय आले? निळसर हिरवी, निळी, जांभळी आणि मग अतिनीलात एकीमागून एक कमानी. प्रत्येक पुढच्या कमानीचे मागच्या कमानीपासूनचे अंतर कमी कमी होत गेलेले, आणि कमानी फिकट फिकट होत 365 नॅनोमीटरच्या जवळ गर्दी करणाऱ्या. आपल्या वहीत याचा अर्थ लावा. सातव्या, आठव्या, नवव्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर येणारे बाण जवळजवळ सारख्याच लांबीचे होत जातात, कारण ज्या पायऱ्यांवरून ते निघतात त्या पायऱ्या एकमेकींजवळ सरकल्या आहेत. अशा सगळ्या बाणांना एक कमाल लांबी आहे: वरच्या रेघेपासून दुसऱ्या पायरीपर्यंतचे 3.4 सेंटिमीटर. 1240 भागिले 3.4 म्हणजे 365. कमानींची गर्दी बरोबर तिथे. पण एव्हरशेडच्या प्लेटांवर आणखी एक गोष्ट होती. गर्दी संपल्यावर अंधार सुरू व्हायला हवा, तर तसे झाले नाही. मालिकेच्या टोकापासून पुढे अतिनील बाजूला एक फिकट सलग पट्टा पसरला होता. त्यात रेषा नव्हत्या, पण उजेड होता.

माझ्या मुद्द्याचे सारे वजन या फिकट पट्ट्यावर आहे. बाल्मरचे सूत्र रेषांची गर्दी सांगते, तिची सीमाही सांगते. पण सीमेपलीकडे काय असावे, याबद्दल त्याच्याकडे एक अक्षरही नाही. सूत्रात घालायला आकडेच उरत नाहीत. शिडीला मात्र तिथे बोलावेच लागते. वरच्या रेघेच्या वर पायऱ्या नाहीत, कारण तिथला इलेक्ट्रॉन अणूपासून सुटलेला आहे आणि मोकळ्या कणाचा वेग वाटेल तेवढा असू शकतो. असा मोकळा इलेक्ट्रॉन एखाद्या अणुकेंद्राने पकडला आणि तो थेट दुसऱ्या पायरीवर येऊन बसला, तर त्याचा बाण वरच्या रेघेच्याही वरून सुरू होईल. किती वरून, यावर बंधन नाही. तो 3.5 सेंटिमीटरचा असेल, 3.57 चा असेल, 3.9 चा असेल. म्हणून 365 नॅनोमीटरच्या अलीकडे, कमी तरंगलांबीच्या बाजूला, सुट्या रेषा न येता सलग उजेड यायलाच हवा, आणि तो बरोबर मालिकेच्या टोकापाशी सुरू व्हायला हवा. सुट्या रेषा आणि सलग पट्टा या दोन वेगळ्या घटना नाहीत. एकाच आकृतीत रेघेखालून निघालेले आणि रेघेवरून निघालेले ते बाण आहेत. तळणीच्या काचेवर ते दोन्ही शेजारी शेजारी उमटले होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ताऱ्यांच्या वर्णपटात ही मालिका आधीच सापडली होती. ते खरे आहे. विल्यम हगिन्सनी 1879-80 च्या सुमारास पांढऱ्या ताऱ्यांचे अतिनील वर्णपट टिपले होते आणि त्यांतल्या हायड्रोजन रेषांचा आधार बाल्मरनाही मिळाला होता. तळणीला पहिलेपणाचा मान द्यावा, असे मी म्हणत नाही. फरक आहे तो पुराव्याच्या जातीचा. ताऱ्यात त्या रेषा काळ्या दिसतात. आतून येणारा सलग उजेड बाहेरच्या वायूने कुठे कुठे खाल्ला, त्याच्या त्या खुणा. तिथे बाण उलटे आहेत, दुसऱ्या पायरीवरून वर जाणारे. टोकापलीकडे उजेड कमी दिसला, तर तो अणूने खाल्ला की ताऱ्याचा मुळातच कमी होता, हे ठरवायला वेगळी खटपट करावी लागते. वर्णावरणाच्या आतल्या बाजूला काळा चंद्र आणि मागे काळे आकाश असते. तिथे जो उजेड आहे तो त्या वायूनेच दिलेला आहे. बाण खाली उतरताना पाहायचे, तर हीच जागा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत हायड्रोजन भरून वीज सोडली की ही मालिका दिसतेच; मग ग्रहणासाठी वऱ्हाडात यायचे कशाला? कारण नळीत मालिका अर्ध्यावर तुटत असे. 1913 च्या जुलैमध्ये नील्स बोर यांनी आपला अणूवरचा प्रसिद्ध लेख छापला, तेव्हा त्यांनी मुद्दाम ही विसंगती उचलली: नळीत बाराच्या पुढे रेषा दिसत नाहीत, आकाशातल्या ज्योतींत मात्र तेहतीस मोजल्या गेल्या आहेत. त्यांच्या हिशेबाने पायरी जितकी वरची तितका अणूचा पसारा मोठा, तोही क्रमांकाच्या वर्गाने. बाराव्या पायरीवरचा अणू 144 पट, तेहतिसाव्या पायरीवरचा 1089 पट. एवढा फुगलेला अणू टिकायला शेजारी दूर असावे लागतात. बाराव्या पायरीसाठी वायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे 7 मिलिमीटरपेक्षा कमी हवा, तेहतिसाव्या पायरीसाठी सुमारे 0.02 मिलिमीटरपेक्षा. नळीत इतका विरळ वायू घेतला की उजेडच पुरत नाही. सूर्याच्या कडेवर वायू विरळ असतो, पण थर हजारो किलोमीटर लांबीचा, म्हणून उजेडही पुरतो. पुढे रॉबर्ट वुडनी 1920 च्या सुमारास मुद्दाम लांब नळ्या वापरून विसाव्या रेषेपर्यंत मजल मारली, तेव्हा हा तर्क प्रयोगशाळेतही पटला. शिडीच्या खालच्या पायऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत सापडतात. वरच्या पायऱ्यांना एकांत लागतो.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो मी मान्य करतो. तळणीला उभ्या असलेल्यांपैकी कुणालाही आपण ऊर्जापातळ्यांचा पुरावा गोळा करतो आहोत, हे ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध लागून वर्षही झाले नव्हते. एव्हरशेडनी रेषांच्या तरंगलांब्या मोजल्या, त्या बाल्मरच्या सूत्राशी ताडून पाहिल्या, सलग पट्ट्याची नोंद केली आणि काम थांबवले. तळणीला शोध लागला, असे म्हणणे म्हणूनच चूक ठरेल. पण पुरावा आणि त्याचा अर्थ एकाच दिवशी जन्मावेत, असा नियम नाही. उलट, अर्थ माहीत नसताना नोंदलेल्या पुराव्यावर पक्षपाताचा संशय घेता येत नाही. सलग पट्टा दिसावा, अशी एव्हरशेडची कोणतीही गरज नव्हती. पंधरा वर्षांनी ज्या कल्पनेला तो हवा होता, ती कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

मधल्या काळात शिडी दुसऱ्या बाजूनेही बांधली जात होती. 1908 मध्ये वाल्टर रिट्झनी दाखवले की, वर्णपटातल्या दोन रेषांच्या मापांची वजाबाकी केली की पुष्कळदा तिसऱ्याच रेषेचे माप हाती येते. ऊर्जेत बोलायचे तर हायड्रोजनच्या अतिनीलातल्या दोन रेषा 12.09 आणि 10.20 या मापांच्या आहेत. वजाबाकी 1.89, म्हणजे तीच ओळखीची लाल रेषा. वहीत पाहिले तर हे उघड दिसते. तिसरीवरून तळापर्यंतच्या लांब बाणातून दुसरीवरून तळापर्यंतचा बाण वजा केला, तर तिसरीवरून दुसरीपर्यंतचाच तुकडा उरणार. पण वही नसताना हे गूढच होते: रेषा अशा हिशेबाने का वागतात? पायऱ्या खऱ्या असतील तरच. थिओडोर लायमन अतिनीलात तळाच्या पायरीवर येणाऱ्या रेषा शोधत होते. फ्रीड्रिख पाशेन यांना 1908 मध्ये अवरक्तात तिसऱ्या पायरीवर येणाऱ्या रेषा मिळाल्या. एकाच शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उतरणारे हे बाण वेगवेगळ्या उपकरणांनी, वेगवेगळ्या खंडांत टिपले गेले. बोरनी 1913 मध्ये त्या सगळ्यांना एकच जिना दिला आणि 13.6 ही त्याची उंची इलेक्ट्रॉनचा भार, वस्तुमान आणि प्लांकचा स्थिरांक यांवरून काढून दाखवली. आकृती म्हणून मात्र ती त्या लेखात नव्हती. बाणांची शिडी पुढच्या काही वर्षांत हळूहळू रुळली आणि 1928 मध्ये वाल्टर ग्रोट्रियान यांनी अनेक मूलद्रव्यांच्या अशा आकृत्यांचे ग्रंथच काढले.

शेवटचा आक्षेप आकृतीच्या खरेपणावरच आहे. बोरच्या अणूतल्या गोल कक्षा 1925-26 मध्ये मोडीत निघाल्या. मग शिडी का जपायची? कारण मोडल्या त्या कक्षा, पातळ्या नव्हेत. श्रोडिंगरच्या समीकरणातून त्याच उंचीच्या त्याच पायऱ्या पुन्हा आल्या. म्हणून बाण काढताना इलेक्ट्रॉन एका गोल वाटेवरून दुसऱ्या गोल वाटेवर उडी मारतो, असे चित्र मनात आणू नये. बाण जागा दाखवत नाही, ऊर्जेतला फरक दाखवतो. शिवाय ही शिडी अगदी बारीक पाहिली तर अपुरी आहे. मायकेलसन आणि मॉर्ली यांना 1887 मध्येच लाल रेषा एक नसून जोडरेषा असल्याचे दिसले होते, म्हणजे पायऱ्यांनाही बारीक पदर आहेत. आणि वरच्या कडेचे बोरचे स्पष्टीकरणही पुढे सुधारले गेले. 1939 मध्ये इंग्लिस आणि टेलर यांनी दाखवले की, शेजारच्या विद्युतभारित कणांच्या ओढाताणीने वरच्या पायऱ्या पसरट होतात आणि त्या इतक्या जवळ असतात की एकमेकींत मिसळतात. म्हणून शेवटची सुटी रेषा कितवी, हे मोजले की त्या वायूची घनता काढता येते. तळणीसारख्या प्लेटांवर शेवटची कमान कुठे विरली, हे आता दोष म्हणून वाचले जात नाही. त्या वायूच्या घनतेचे ते माप आहे.

आता पुन्हा वहीकडे या. तेहतिसावी पायरी वरच्या रेघेपासून किती खाली काढायची? 13.6 भागिले 1089, म्हणजे सेंटिमीटरचा ऐंशीवा भाग, मिलिमीटरचा आठवा हिस्सा. शिसपेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. बारावी पायरी एक मिलिमीटर खाली, तिच्यापर्यंत कसेबसे पोचता येते. पुढे कितीही टोकदार पेन्सिल घेतली तरी रेघा एकमेकींत बुडतात आणि कागदावर एक करडा पट्टा उरतो. पाठ्यपुस्तके तिथे तीन टिंबे देऊन पुढे जातात. सूर्याच्या कडेवरही पायऱ्या तशाच एकमेकींत बुडतात. फरक इतकाच की तिथे पेन्सिलीची जाडी त्या वायूच्या कणांची असते आणि बुडण्याची जागा मोजता येते. ती मोजायला कोंढ्याहून दिसलेली कोर पुरली नसती. तळणीची दोन मिनिटे पुरली.